मशीनची भांडी, हातची भांडी आणि ओलं फडकं

वाशिमच्या आमच्या वस्तीतल्या अनेक बाया दुसऱ्यांच्या घरी भांडी घासतात. एका ताईच्या कामाच्या घरी डिशवॉशर आलं. त्या आम्हाला म्हणाल्या, "मॅडम म्हणते, मशीनमंधले भांडे शुद्ध राह्यतात. मंग इतके दिवस आमच्या हातचे काय होते?"

'शुद्ध' हा शब्द आपल्या लोकांनी फार सोसला आहे. म्हणून आधी तो बाजूला ठेवू आणि 'स्वच्छ' हा शब्द घेऊ. हात कोणाचे आहेत हे जंतू पाहत नाही. त्याला कळते ती उष्णता, ओल आणि भांड्याला चिकटलेलं खरकटं.

डिशवॉशर हातापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या करतं. पहिली म्हणजे जास्त गरम पाणी. त्याच्या गरम प्रोग्रॅमवर पाणी साधारण ६५ ते ७० अंशांपर्यंत जातं. आपल्या हाताला ४५ अंशांच्या आसपासच चटका बसू लागतो. त्यामुळे हाताने घासताना पाणी कोमट असो की गार, त्याने जंतू मरत नाहीत. साबण तेलकटपणा सोडवतो, घासणी खरकटं काढते आणि त्याच्यासोबत जंतू वाहून जातात. निरोगी घराला रोजच्यासाठी एवढं पुरतं. मशीनही कमी वेळाच्या, कमी गरम प्रोग्रॅमवर चालवलं तर भांडी धुतली जातात, पण जंतू मरतीलच असं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मशीन भांडी पुसत नाही. ती आतच गरम राहून आपोआप वाळतात. आपली चूक बहुतेक वेळा इथेच होते.

मागच्या पावसाळ्यात विहारात भोजनदान होतं. शंभरेक ताटं बायांनी नीट घासली, दोन पाण्यांनी धुतली. मग एकाच जुन्या उपरण्याने सगळी पुसली. दहाव्या ताटालाच ते ओलंचिंब झालं. त्याच उपरण्याला कोणी हात पुसले, कोणी सांडलेलं वरणही पुसलं. ओल, ऊब आणि अन्नाचा अंश मिळाला की काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशेबाने एका जंतूचे सात तासांत वीस लाख होतात. म्हणजे घासून घालवलेले जंतू आपण पुसून परत लावत होतो.

पुढच्या भोजनदानाला पद्धत बदलली. आधी खरकटं झटकलं, मग साबणाने घासलं आणि शेवटचं पाणी लोट्याने वरून ओतलं. एकाच टपात ताटं बुचकळली तर शेवटच्या ताटाला आधीच्या सगळ्यांची घाण लागते. धुतलेल्या ताटावर पाणी सरळ पसरून घसरलं तर ताट स्वच्छ. थेंब-थेंब होऊन थांबलं तर तेल बाकी आहे, ते पुन्हा घासायचं. तेलाच्या थराखाली जंतू गरम पाण्यापासूनही वाचतात.

मग चुलीवर मोठं पातेलं ठेवलं. पाण्याला उकळी आल्यावर आच कमी केली. वाफ निघत राहील आणि तळातून बारीक बुडबुडे येत राहतील इतकी आच ठेवली. हे पाणी ८० अंशांच्या वर राहतं. ताटं तारेच्या टोपलीत ठेवून पूर्ण बुडवली आणि सावकाश तीस आकडे मोजून बाहेर काढली. पातेल्यात हात घालायचा नाही आणि लेकरं लांब ठेवायची. नीट तापलेलं ताट बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात आपोआप कोरडं होतं. होत नसेल तर पाणी पुरेसं गरम नाही.

वाळवायला सुतळीची बाज धुऊन उन्हात ठेवली आणि ताटं तिरपी, पालथी मांडली. खालूनही वारा लागला. एकात एक घातलेली ओली ताटं मधे वाळतच नाहीत. जमिनीवर धूळ आणि कोंबड्या असतात, म्हणून तिथे मांडायची नाहीत. पावसात घरातच तारेच्या मांडणीवर वाळवायची.

घरी रोज गरम पाण्याचा खटाटोप नको. कोणाला जुलाब किंवा उलट्या होत असतील तर त्याचं ताट-पेला आणि बाळाची धातूची वाटी-चमचा एवढ्यासाठी तो करा. चूल घासायला राख चालेल, पण अंगणातली माती भांड्याला लावू नका. तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

पुसणं टळत नसेल तर भांड्यांचं फडकं वेगळं ठेवा. ते रोज साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि कडक उन्हात वाळवा. घासणीही पिळून टांगून ठेवा. फडक्याला आंबूस वास आला तर ते भांड्याला लावू नका.

त्या ताईला आम्ही हेच सांगितलं. तुमच्या हातात उणीव नव्हती. त्या घरी ओट्यावर दिवसभर ओलं पडलेलं फडकं होतं, त्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.