वाढत्या अंगाचं हेल्मेट नको!

शाळेचा युनिफॉर्म घेताना आपण एक साईज मोठीच उचलतो. बूटही अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून घेतो. ‘वाढत्या अंगाचं’ घेण्याची ही सवय आपल्या घरांत मुरलेली आहे. सायकलच्या हेल्मेटला मात्र ती लावू नये.

१ जुलै १९९० पासून व्हिक्टोरियात सायकलवर हेल्मेट सक्तीचं झालं. संपूर्ण राज्यासाठी असा कायदा करणारं जगातलं हे पहिलंच राज्य. त्यामुळे इथल्या प्रत्येक घरात हेल्मेट असतं, पण ते डोक्याच्या मापाचं असतंच असं नाही.

माप वयावरून ठरत नाही, डोक्याच्या घेरावरून ठरतं. शिवणकामाची कापडी टेप घ्या. ती भुवयांच्या वर साधारण दोन सेंटिमीटरवर ठेवा, कानांच्या वरून मागे न्या आणि डोक्याचा जो भाग सर्वांत फुगीर आहे त्यावरून फिरवून पुढे आणा. टेप मागे मानेकडे घसरली तर माप चुकतं. टेप नसेल तर दोरी गुंडाळून ती पट्टीवर मोजा. दोन-तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा धरा. मुलगी रोज वेणी किंवा पोनी घालत असेल तर तशीच घालून मोजा. उंच पोनीमुळे हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून ती मानेपाशी बांधावी.

समजा, आठ वर्षांच्या मुलीचं माप ५३ सेंटिमीटर आलं. दुकानात एका हेल्मेटवर ५०–५४ लिहिलंय, दुसऱ्यावर ५४–५८. आपला हात आपोआप दुसऱ्याकडे जातो. मागची चकती पूर्ण आवळली की तेही घट्ट वाटतं, पण आवळला जातो तो फक्त आतला पट्टा. बाहेरचं कवच डोक्यापासून सुटलेलंच राहतं. पट्टा लावून हेल्मेटची पुढची कड हलकेच वर ढकलून पाहा. ते मागे सरकून कपाळ उघडं पडलं तर पडल्यावरही तेच होईल. म्हणून ५०–५४ घ्या.

ते लगेच लहान होईल ही भीतीही नको. डोकं हातापायांसारखं झपाट्यानं वाढत नाही. पाचव्या वर्षी घेर साधारण ५१ सेंटिमीटर असतो आणि मोठेपणी ५५ ते ५७ च्या आसपास. एवढी वाढ व्हायला बरीच वर्षं लागतात.

आकडा जुळला तरी घालून पाहायलाच हवं, कारण घेर सारखा असला तरी कुणाचं डोकं लांबट असतं, कुणाचं गोल. पाच मिनिटं घालून कपाळावर किंवा कानशिलांवर लाल वळ उठले तर त्याच मापाचं दुसऱ्या कंपनीचं हेल्मेट बघा. शेवटी ते आडवं, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम एक-दोन बोटं मावली पाहिजेत.