स्लॅबवरचा टॉवर आणि करारनाम्याचं शेवटचं पान

धुळे–सोलापूर महामार्गावर मांजरसुंब्याचा घाटमाथा मागे टाकून धाराशिवकडे निघालं की बीड तालुक्यातलं चौसाळा लागतं. अशा महामार्गावरच्या गावांमध्ये मोबाइल साधारण 2004 ते 2010 या काळात घरोघर पोचला. कंपन्यांना उंच जागा हवी होती, आणि ती बाजारपेठेतल्या दुमजली-तीनमजली इमारतींच्या स्लॅबवर आयती मिळत होती. पाऊस गेला तरी भाडं येईल, कापसाचा भाव पडला तरी येईल, या हिशेबाने लोकांनी स्लॅब दिले. आज वीस वर्षांनी मागे वळून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. मालकांनी भाड्याचा आकडा घासाघीस करून ठरवला, पण समोरची कंपनी बदलली, बुडाली किंवा निघून गेली तर काय, हे सांगणारी कलमं करारनाम्याच्या शेवटच्या पानांवर होती. ती फारशी कुणी वाचली नाहीत. नुकसान तिथेच झालं.

त्या काळात दोन प्रकारच्या कंपन्या गावात येत. एक म्हणजे सेवा देणारी, जिचं सिमकार्ड आपण वापरतो ती. दुसरी म्हणजे नुसते टॉवर उभारून ते सेवा कंपन्यांना भाड्याने देणारी. मालकाचा करार बहुतेक वेळा दुसरीशी होई. तिची कमाई पहिलीवर अवलंबून असे. मालकाला वाटे, आपला व्यवहार जाहिरातीत दिसणाऱ्या मोठ्या नावाशी आहे. कागदावर मात्र वेगळंच नाव असे, आणि तेही कायम राहत नसे. 2010 मध्ये एअरसेलने आपले सुमारे 17,500 टॉवर जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चरला विकायचं ठरवलं. एका सहीने हजारो घरमालकांचा भाडेकरू बदलला. यासाठी त्यांची परवानगी कुणी मागितली नाही, कारण कंपनीला हे हक्क मालकाला न विचारता दुसऱ्याकडे सोपवता येतील असं कलम अशा करारांत सर्रास असतं.

मग धक्के बसत गेले. 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 122 दूरसंचार परवाने रद्द केले आणि काही सेवा कंपन्यांचा पसारा आवरला. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली, दर कोसळले, आणि पुढच्या दोन वर्षांत छोट्या कंपन्या टिकल्याच नाहीत. रिलायन्स कम्युनिकेशन्सने 2017 च्या अखेरीस मोबाइल सेवा बंद केली. एअरसेल मार्च 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. टेलिनॉर एअरटेलमध्ये विलीन झाली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. जिथे एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना होते तिथे एखादी उरली. जिथे एकच होती, तिथे नुसतं लोखंड राहिलं.

अशा एका इमारतीचा हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पण अटी त्या काळात सर्रास आढळणाऱ्या आहेत. 2009 च्या एप्रिलमध्ये 15 वर्षांचा करार झाला. भाडं महिना 8,000 रुपये, दर तीन वर्षांनी 15 टक्के वाढ. म्हणजे 2012 पासून 9,200, 2015 पासून 10,580 आणि 2018 पासून 12,167 रुपये. करार 100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीच्या शिक्क्यानिशी. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी नाही. कंपनी 30 दिवसांच्या नोटिशीने कधीही जाऊ शकते, मालकाला 15 वर्षं बाहेर पडता येत नाही. 2017 च्या डिसेंबरात टॉवरवरची एकमेव सेवा बंद पडली. एप्रिल 2018 पासून भाडं थांबलं. वीस महिने झाले तेव्हा थकबाकी 2,43,340 रुपये होती, आणि टॉवर होता तिथेच होता.

इथे मालकापुढे पहिली अडचण नोंदणीची येते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 107 प्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणी कायद्याच्या कलम 49 प्रमाणे नोंदणी नसलेला असा दस्त त्यातल्या अटींचा पुरावा म्हणून चालत नाही. तीन वर्षांनी 15 टक्के वाढ ही अट ज्या कागदावर आहे, तो कागदच लंगडा पडतो. आधीच्या वाढी बँकेच्या पासबुकात दिसतात, तेवढाच आधार. याची दुसरी बाजूही आहे, आणि ती फारच थोड्या मालकांना ठाऊक असते. नोंदणी नसेल तर हा व्यवहार सामान्यतः महिना-दरमहिन्याचा भाडेपट्टा मानला जातो, आणि तो कलम 106 प्रमाणे 15 दिवसांच्या लेखी नोटिशीने संपवता येतो. म्हणजे 15 वर्षं बांधून ठेवणारी अटही तितकीच लंगडी. अनेकांनी मुदत संपेपर्यंत हातावर हात ठेवून वाट पाहिली, तेव्हा ही नोटीस वकिलाकडून रजिस्टर पोस्टाने पाठवता आली असती. थकलेल्या भाड्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि ती प्रत्येक महिन्याच्या भाड्याला स्वतंत्र लागते, त्यामुळे वाट पाहण्यात जुने महिने एकेक करून हातचे जातात.

दुसरी अडचण जास्त कठीण. टॉवर कंपनी स्वतःच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर काय? रिलायन्स इन्फ्राटेलचं तसं झालं. तिचे टॉवर जिओच्या उपकंपनीकडे जायला 2022 चा डिसेंबर उजाडला. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचं कलम 14 सांगतं की प्रक्रिया सुरू असताना अशा कंपनीच्या ताब्यातली जागा मालकाला परत घेता येत नाही. भाडं नाही आणि जागाही सुटत नाही, अशी कोंडी. सुटकेचा मार्ग एकच, आणि तो कागदाचा आहे: आधीची थकबाकी ठराविक नमुन्यात, मुदतीत, प्रक्रिया पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे दावा म्हणून नोंदवायची. प्रक्रिया सुरू झाल्यानंतरच्या काळातलं भाडं मात्र प्रक्रियेच्या खर्चात धरण्याची मागणी करता येते, आणि तो खर्च इतर देण्यांच्या आधी भागवला जातो. अडचण अशी की दावे मागवणारी जाहीर सूचना कंपनीचं कार्यालय जिथे असेल तिथल्या वर्तमानपत्रांत येते. ती चौसाळ्यातल्या माणसाच्या नजरेस पडत नाही. म्हणून आज करार करताना एक कलम आग्रहाने घालावं: कंपनीची मालकी बदलली, हक्क दुसऱ्याकडे गेले किंवा दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला, तर मालकाला 15 दिवसांत लेखी कळवलं पाहिजे आणि जुनी थकबाकी नव्या कंपनीवर बंधनकारक राहील. भाडं थांबल्यावर करारावरचं कंपनीचं पूर्ण नाव घेऊन तिची स्थिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आपणही तपासावी.

रागाच्या भरात काही जणांनी जिन्याला कुलूप लावलं, वीज तोडली, कुणी लोखंड भंगारात काढायचं ठरवलं. हे करू नये. 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की जागेवर बसवलेलं दूरसंचार जाळं हे त्या जागेचा भाग मानलं जाणार नाही, त्या जागेवरचे दावे-बोजे त्याला लागणार नाहीत. हा भाग 26 जून 2024 पासून लागू आहे. म्हणजे भाड्यापोटी टॉवर अडकवून ठेवण्याची वाट बंद, आणि कुलूप लावलं तर तक्रार आपल्यावरच होण्याची भीती. उलटही घडतं. कंपनीची माणसं म्हणून टोळी आली आणि बंद टॉवर कापून घेऊन गेली, अशा बातम्या बिहारमधून आल्या आहेत. भाडं बंद असल्याने मालकाला सुटकाच वाटते आणि तो अडवत नाही. टॉवर काढायला कुणीही आलं तर कंपनीचं अधिकारपत्र, ओळखपत्र आणि काढलेल्या सामानाची सहीची यादी घेतल्याशिवाय जिना चढू देऊ नये.

यावरचा खरा उपाय करारातच असतो. सलग तीन महिने भाडं थकलं तर मालकाला करार संपवता येईल, संपल्यापासून 60 दिवसांत कंपनी टॉवर, जनरेटर, बॅटऱ्या आणि पायाची लोखंडं काढून स्लॅब पूर्ववत करून देईल, आणि उशीर झाल्यास त्या काळाचं भाडं दुप्पट लागेल, असं लिहून घ्यावं. जोडीला सहा महिन्यांची अनामत घ्यावी, कारण टॉवर उतरवायचा खर्च शेवटी मालकाच्या गळ्यात पडण्याची शक्यता असते. कंपनीचा प्रतिनिधी म्हणेल की छापील मसुद्यात बदल होत नाही. मूळ मसुदा तसाच ठेवून वेगळं परिशिष्ट जोडता येतं, त्यावर तिचीच सही घ्यावी. एवढंही नाकारणाऱ्या कंपनीला स्लॅब देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्लॅबचाच विचार मालक सर्वांत कमी करतो. टॉवरचे पाय नुसत्या स्लॅबवर नव्हे, खालच्या कॉलमच्या रेषेत उभे राहिले पाहिजेत. आपल्याकडे जुनी माळवदं आहेत, दगडी-विटांच्या भिंतींवर टाकलेले स्लॅबही पुष्कळ. त्यांना असा भार सोसत नाही. स्थिरतेचा दाखला कंपनीचा अभियंता देतो, तो स्वीकारण्याआधी बीडचा एखादा स्वतंत्र स्थापत्य अभियंता आणून दाखवावा. काम सुरू होण्यापूर्वीचे स्लॅबचे, भिंतींचे आणि खालच्या छताचे फोटो तारखेसह करारास जोडावेत. पाच पावसाळ्यांनी खोलीत ओल आली की ती टॉवरमुळे की आधीपासून, हा वाद मग त्या फोटोंवरच मिटतो.

होर्डिंगचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिथे भाडेकरू अनेकदा एकटा ठेकेदार असतो. येडशी–औरंगाबाद रस्ता चौपदरी झाल्यावर महामार्गालगतच्या जागांना भाव आला. 17 एप्रिल 2023 रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे येथे वादळी पावसात होर्डिंग कोसळून पाच जणांचा जीव गेला, आणि गुन्ह्यात जागेच्या मालकाचंही नाव आलं. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला 17 जण गेले. तो फलक 120 बाय 120 फुटांचा होता, मुंबईतली मर्यादा 40 बाय 40 ची. ठेकेदार परवानगी मिळाली म्हणून सांगतो, तेव्हा त्या कागदावरचं माप आणि मुदत वाचावी, दर पावसाळ्याआधी नवा स्थिरता दाखला मागावा आणि त्रयस्थ व्यक्तींच्या नुकसानीचा विमा मालकाच्या नावासह घ्यायला लावावा. माप वाढवलं तर करार आपोआप संपेल, ही अट सोडू नये.

भावाभावांत वाटणी न झालेलं घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव असलेल्या प्रत्येकाची संमती आणि भाड्याचा वाटा करारातच लिहावा. आणि टॉवर बसवण्यासाठी आधी शुल्क भरा असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा. दूरसंचार विभाग किंवा ट्राय यासाठी कुणाकडून पैसे घेत नाहीत.

2008-10 च्या सुमाराचे 15 वर्षांचे करार आता संपले आहेत किंवा संपत आले आहेत, आणि नूतनीकरणाचे कागद घेऊन प्रतिनिधी पुन्हा दारात येत आहेत. सही करण्याआधी तो मसुदा घरी ठेवून घ्या, शेवटच्या पानापासून वाचायला लागा, आणि नोंदणीचा खर्च कंपनीने करायचा हे त्यात लिहिलेलं आहे का ते पाहा.