इनबॉक्स भरला की ओटीपी कुठे जातो?

आजचा विषय छोटा, पण अडकलात तर डोकं खाणारा. शेअर ब्रोकरच्या साइटवर लॉगिन करताय, कोड ईमेलवर पाठवला असं ती म्हणतेय, आणि इनबॉक्समध्ये काहीच नाही. स्पॅम बघितलं, तिथेही नाही. गेल्या महिन्यात माझ्या मावशीचं अगदी हेच झालं. तिचं जीमेल भरलं होतं.

जीमेलच्या फ्री अकाउंटला १५ जीबी मिळतात, पण ते एकट्या मेलसाठी नसतात. ड्राइव्ह, फोटोज आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच बसतो. मावशीचे मेल जेमतेम दीड जीबी होते, फोटो आणि व्हिडिओ मात्र दहाच्या वर! जागा संपली की जीमेल नवीन मेल आत घेतच नाही, त्यामुळे तो स्पॅममध्येही दिसत नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरला उत्तर जातं:

```
452 4.2.2
552 5.2.2
```

४ ने सुरू होणारा कोड म्हणजे "आत्ता नाही, नंतर बघा". मग सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. पण ओटीपी सहसा काही मिनिटांतच संपतो, त्यामुळे उशिरा आलेला मेल कामाचा नसतो. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे सरळ नकार. तो मेल परत येत नाही, नव्यानेच मागवावा लागतो.

आता खरी गोची. "ब्रोकरकडे ईमेलच बदलून टाकू," मावशी म्हणाली. पण काही ठिकाणी बदलायलाही कोड जुन्याच पत्त्यावर येतो! म्हणून आधी जागाच करायची.

one.google.com/storage उघडा, जागा कशाने खाल्लीये ते तिथे दिसतं. मोठे व्हिडिओ आधी कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या, कारण फोटोजमधून काढलेला व्हिडिओ सिंक चालू असेल तर फोनमधूनही जातो. मेलसाठी जीमेलच्या सर्चमध्ये हे टाका:

```
has:attachment larger:10M
```

डिलीट केल्यावर ट्रॅशही रिकामा करा. ट्रॅशमधली जागाही मोजली जाते, आणि फोटोज, ड्राइव्ह, जीमेल यांचे ट्रॅश वेगवेगळे आहेत. आकडा खाली यायला कधी कधी वेळ लागतो. म्हणून आधी दुसऱ्या कुणाला तरी साधा मेल पाठवायला सांगा. तो आला की मगच कोड मागवा, आणि शेवटचा आलेला कोडच वापरा.

साधा मेल येतोय, पण ओटीपी नाही? मग अडचण बहुधा समोरच्या बाजूला आहे. मेल वारंवार परत आले, की काही कंपन्यांच्या सिस्टीम तो पत्ता "पाठवू नका" यादीत टाकतात. तुम्ही कितीही जागा करा, ती यादी तुमच्या हातात नाही. कस्टमर केअरला फोन करून नेमकं सांगा: "माझा इनबॉक्स भरला होता, आता जागा आहे, माझा पत्ता बाउन्स यादीतून काढा." मावशीचा कोड त्यानंतरच आला.

आणि लॉगिन झाल्या झाल्या त्या अकाउंटला ऑथेंटिकेटर ॲप जोडून टाका. त्याचा कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला इनबॉक्स लागत नाही.