राखाडी डागांतून पेटलेली आग

सिनेमातली संगणकावर केलेली आग बहुतेक वेळा खरोखरच 'हिशेबाने' जळते. हवा किती तापली, कुठे वर चढली, धूर कुठे वळला, हे सगळं मोजलं जातं. एक फ्रेम तयार व्हायला वेळ लागला तरी चालतो, कारण प्रेक्षक ती महिन्यांनंतर बघणार असतो. व्हिडिओ गेममध्ये ही चैन नाही. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात. त्यात मशालीच्या वाट्याला येतो त्याचाही एक कण. म्हणून गेममधली, विशेषतः कार्टून वळणाच्या गेममधली आग जळत नाहीच. ती दर फ्रेमला नव्याने रंगवली जाते, आणि रंगवणाऱ्या छोट्याशा प्रोग्रॅमला शेडर म्हणतात. पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी तो ग्राफिक्स कार्डावर चालतो आणि एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: या ठिपक्याचा रंग कोणता?

एक मशाल घेऊ. तिची ज्योत म्हणजे प्रत्यक्षात कायम आपल्याकडे तोंड करून उभा असलेला एक सपाट आयत. त्यावर पसरायचं असतं ते नॉइजचं चित्र, म्हणजे ढगाळ, काळे-पांढरे, एकमेकांत विरघळणारे डाग. हे डाग निव्वळ यादृच्छिक नसतात. नुसते यादृच्छिक ठिपके घेतले तर जुन्या टीव्हीवरच्या मुंग्या दिसतील. शेजारचे ठिपके एकमेकांशी नातं राखतील असा नॉइज केन पर्लिन यांनी तयार केला. १९८२च्या 'ट्रॉन' चित्रपटावर काम केल्यानंतर संगणकी पृष्ठभागांचा तो गुळगुळीत, यांत्रिक चेहरा त्यांना खटकत होता. १९८५ साली त्यांचा निबंध आला आणि १९९७ साली या कामासाठी त्यांना तांत्रिक ऑस्कर मिळालं.

आता हे डाग वर सरकवायचे. आयत जागेवरच राहतो. चित्रातला कुठला भाग कुठल्या पिक्सेलवर दाखवायचा, तो पत्ताच वेळेनुसार बदलतो. मात्र एकच थर सरकवला तर लिफ्टच्या जाळीतून भिंत खाली जाताना दिसावी तसं काहीतरी यांत्रिक दिसतं, डोळा लगेच ओळखतो. म्हणून दोन थर घेतात, एक मोठ्या डागांचा संथ आणि दुसरा बारीक डागांचा जलद व किंचित तिरपा, आणि दोघांची सरासरी काढतात. दोन्ही थर एकमेकांवरून घसरत राहतात, त्यामुळे डाग नुसते सरकत नाहीत, ते फुटतात, जुळतात, विझतात. आगीचा जिवंतपणा बराचसा इथेच येतो.

पण अजून ज्योत नाही, नुसतं धुकं आहे. आकार येतो तो एका बेरीज-वजाबाकीतून:

```glsl
float a = texture(noiseTex, uv*vec2(1.0,0.6) - vec2(0.0, 0.5*t)).r;
float b = texture(noiseTex, uv*2.0 - vec2(0.13*t, 3.0*t)).r;
float n = 0.5 * (a + b);
float d = abs(uv.x - 0.5) * 2.0;
float f = (1.0 - uv.y) - d*d + n - 0.5;
if (f < 0.35) discard;
color = texture(rampTex, vec2(f, 0.5));
```

सगळी आग त्या `f` नावाच्या एका आकड्यात आहे. `uv.y` म्हणजे उंची: तळाशी ०, टोकाला १. `d` म्हणजे मधल्या रेषेपासूनचं अंतर. `f` जर ०.३५ पेक्षा कमी भरला तर तो पिक्सेल टाकून द्यायचा, तिथे मागचं दृश्य दिसू द्यायचं. तळाशी, बरोबर मध्यावर, नॉइज काहीही असला तरी `f` ०.५च्या खाली जात नाही, म्हणजे ज्योत तिथे कधीच तुटत नाही. अर्ध्या उंचीवर नॉइज ०.३५च्या वर असेल तिथेच ज्वाळा उरते. टोकाला तर तो ०.८५च्या वर हवा, आणि दोन थरांची सरासरी तिथवर क्वचितच पोचते. म्हणून वर जाता जाता ज्वाळेला भोकं पडतात, तुकडे सुटतात आणि जिभांसारखे निमुळते होत नाहीसे होतात. ते तुकडे कुणी काढलेले नसतात. वरच्या कडेला ज्योत कात्रीने कापल्यासारखी सरळ दिसली, तर समजावं की नॉइज फार उजळ आहे, मर्यादा थोडी वाढवावी.

रंगही त्याच आकड्यातून. रॅम्प म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारी रंगांची एक अरुंद पट्टी: गडद लाल, नारिंगी, पिवळा, शेवटी जवळजवळ पांढरा. `f` जितका मोठा तितका पट्टीत उजवीकडचा रंग. पट्टीतले रंग एकमेकांत मिसळलेले असले तर आग मऊ दिसते. तीनच सपाट रंग ठळक कडांनी मांडले तर ती हाताने काढलेल्या कार्टूनसारखी दिसते. माझं मत तीन रंगांच्या बाजूने आहे. पाच-सहा छटा घातल्या की आग ना धड खरी वाटते ना धड चित्रातली.

याच ठिकाणी एक हमखास फसगत होते. ज्योतीच्या गाभ्यात, जिथे सगळ्यात उजळ पिवळा हवा, तिथे गडद लाल चट्टे उठतात. लोक नॉइजमध्ये चूक शोधत बसतात, पण चूक पट्टीत असते. तळाशी मध्यावर `f` म्हणजे ०.५ अधिक नॉइज. नॉइज ०.६ असला तर `f` होतो १.१. पट्टी १ वर संपते, आणि टेक्श्चरची सेटिंग 'रिपीट' असेल तर १.१ म्हणजे पुन्हा ०.१, अर्थात लाल. सेटिंग 'क्लॅम्प' केली की पट्टीचं शेवटचं टोकच पुढे ताणलं जातं आणि चट्टे जातात.

यापुढे आयतालाच हलवायचं. गणपतीच्या मंडपात रेशमी कापड, खाली पंखा आणि दिवा लावून जी खोटी मशाल करतात, तिचं सूत्र इथेही आहे: कापड खाली घट्ट बांधलेलं, वर मोकळं.

```glsl
pos.x += sin(4.0*t - 3.0*uv.y) * 0.15 * uv.y * uv.y;
```

उंचीचा वर्ग घेतल्यामुळे बूड जागचं हलत नाही आणि शेंडा सगळ्यात जास्त डोलतो. कंसातलं वजा चिन्ह महत्त्वाचं. तिथे अधिक टाकलं तर लहर वरून खाली उतरते आणि ज्वाळा पाण्यातल्या शेवाळासारखी दिसते. शिवाय हलतात ते फक्त आयताचे शिरोबिंदू. चारच कोपरे असतील तर वाकण्याऐवजी अख्खा पत्ता तिरका होतो. म्हणून आयताला आठ-दहा आडव्या रेघांनी विभागावं लागतं. एका दालनात दहा मशाली असतील तर `t` मध्ये प्रत्येकीच्या जागेनुसार थोडा फरक टाकावा, नाहीतर सगळ्या कवायतीसारख्या एकाच तालात डोलतात.

संगणकावर छान चाललेली ही आग मोबाईलवर मात्र काही मिनिटांत अडखळू लागते, आणि याचं कारण नेहमी फोनचा वेग नसतो. बऱ्याच फोनवर शेडर कमी अचूकतेचे, १६ बिटांचे आकडे वापरतो. त्यांत ६४ ते १२८ या टप्प्यात दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर १/१६ असतं, २५६च्या पुढे तर १/४. गेम सुरू होऊन पाच मिनिटं झाली की वेळ ३०० सेकंदांवर असते, आणि डाग सरकण्याऐवजी पाव-पाव सेकंदाच्या उड्या मारतात. उपाय सोपा आहे. नॉइजचं चित्र चारही कडांना बिनजोड जुळणारं असतं, त्यामुळे सरकण्याच्या आकड्यातला पूर्णांक टाकून फक्त अपूर्णांक ठेवला तरी चित्रात काहीच फरक पडत नाही. ही वजाबाकी फोनच्या मुख्य प्रोसेसरवर, पूर्ण अचूकतेने करायची आणि `0.5*t`, `0.13*t` आणि `3.0*t` यांचे अपूर्णांक शेडरकडे तयार पाठवायचे.