मधेच बंद पडणारी इंडक्शन शेगडी

दिवाळीच्या आधीचा आठवडा. कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये गॅस संपला म्हणून चकल्यांची कढई इंडक्शनवर चढली. पहिले दोन घाणे छान निघाले. तिसरा तेलात पडला आणि शेगडी टूंऽ टूंऽ वाजून बंद झाली. काचेखाली एक आकडा लुकलुकत होता, आतला पंखा मात्र फिरतच होता.

“आई, बंदच पडली बघा.”

“आधी बटण बंद कर गं, वास येतोय. गार होऊ दे तिला.”

सुनेने भिंतीवरचं बटण बंद केलं. पंखाही थांबला. दहा मिनिटांनी शेगडी पुन्हा लावली, तर पाच मिनिटांत तोच आवाज. घरात एकमत झालं, शेगडी बिघडली.

शेगडी ठणठणीत होती. ती गरम झाली होती, आणि ज्या पंख्याने तिला गार करायचं तोच बटण बंद केल्यामुळे थांबला होता.

इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या बारीक तारांच्या जुडीची एक सपाट गुंडाळी असते. तिच्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, आणि त्यामुळे लोखंडी किंवा चुंबक चिकटणाऱ्या स्टीलच्या भांड्याचं बूडच तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. म्हणून ‘इंडक्शन गार राहते’ असं लोक म्हणतात, पण हे वरून पाहिलेलं चित्र झालं. खेचलेल्या विजेतला साधारण दहा-पंधरा टक्के भाग भांड्यापर्यंत पोहोचत नाही. शेगडी 2000 वॅटवर असेल तर हा भाग 200 ते 300 वॅट होतो. जुने 60 वॅटचे चार बल्ब प्लॅस्टिकच्या बसक्या डब्यात पेटते ठेवावेत, तेवढी ही उष्णता. ती मुख्यतः गुंडाळीत आणि प्रवाहाची उघडझाप करणाऱ्या आयजीबीटी नावाच्या भागात तयार होते. हा भाग दोन बोटांच्या पेरांएवढा असतो आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या ठोकळ्यावर स्क्रूने घट्ट बसवलेला असतो. तळाची जाळी, तळहाताएवढा पंखा, ही पाती आणि मागची किंवा बाजूची फट, एवढाच हवेचा रस्ता. तो अडला की त्या भागाला दुसरा आधार नाही.

त्याच्यावर नजर ठेवायला आत दोन छोटे तापमापक असतात. एक गुंडाळीच्या मधोमध, काचेला खालून चिकटलेला. तो भांडं किती तापलं ते पाहतो. दुसरा त्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यापाशी. तो शेगडीचं स्वतःचं अंग पाहतो. दोघांपैकी कोणीही मर्यादा ओलांडल्याचं सांगितलं की वीज तुटते आणि पडद्यावर आकडा येतो. हे आकडे कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे शेजारणीच्या शेगडीचा अर्थ आपल्याला लागू करू नये, आपलं माहितीपत्रक पाहावं. पत्रक हरवलं असेल तर वेळ पाहावी. रिकामा तवा ठेवल्यावर दोन-तीन मिनिटांत बंद पडली तर बहुधा भांड्याचा तापमापक बोलला. वीस-पंचवीस मिनिटं नीट चालून मग बंद पडली, आणि लगेच लावल्यावर लवकरच पुन्हा पडली, तर बहुधा आतली हवा अडते आहे. आणि थंड शेगडी पाणी भरलेलं भांडं असतानाही मिनिटा-दोन मिनिटांत बंद पडत असेल, तर पंखा फिरत नसेल किंवा तापमापकच बिघडला असेल. ते दुरुस्तीवाल्याचं काम.

कोथरूडच्या घरी आलेल्या दुरुस्तीवाल्याने पेचकस बाहेर काढलाच नाही. त्याने शेगडी उचलली, तर ओट्यावर अंथरलेलं पातळ मेणकापड तिच्या पोटाला चिकटून वर आलं. कापडावर पंख्याच्या जाळीचा गोल ठसा उमटला होता, एकेक आडवी पट्टी मोजता यावी इतका स्पष्ट. पंखा हवा खालून ओढतो. शेगडीच्या रबरी पायांमुळे खाली जेमतेम बोटभर पोकळी राहते, आणि सैल कापड किंवा वर्तमानपत्र त्या ओढीने अलगद उचललं जाऊन जाळी बंद करतं. मागची फट टाइल्सच्या भिंतीपासून दोन बोटांवर होती, म्हणजे बाहेर पडलेली गरम हवा भिंतीला आपटून परत पोटाखालीच येत होती. शेजारी तेलाचा डबा होता तो वेगळाच. माहितीपत्रकांत साधारण 10 सेंटिमीटर मोकळी जागा सांगितलेली असते. वीतभर सोडली तर उत्तमच.

आवाजाकडेही त्याने लक्ष वेधलं. पंख्याचा एकसारखा घूंऽ आवाज हा तब्येतीचा आवाज आहे. तो दबलेला, घुसमटल्यासारखा येऊ लागला तर हवा अडते आहे. खरखर किंवा टकटक आली तर पात्यांवर फोडणीच्या तेलकट वाफेने धूळ बसली आहे, किंवा पंख्याचा आस झिजला आहे. भांड्यातून येणारी बारीक किणकिण वेगळी. जाड, थरांच्या बुडाची भांडी मोठ्या आचेवर असा आवाज करतात. भांडं उचललं की किणकिण थांबते, पंख्याचा आवाज चालू राहतो. ओळखायला एवढं पुरतं. हवा बाहेर पडते का हे पाहायला मागच्या फटीशी वर्तमानपत्राची अरुंद पट्टी धरावी. ती बाहेर फडफडायला हवी.

जाळी साफ करताना प्लग काढून, शेगडी पूर्ण गार झाल्यावर, उलटी करून कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. पाणी घालू नये आणि झाकण घरी उघडू नये. आत काही वेळ 300 व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. झुरळांना ही उबदार जागा फार आवडते, आणि सर्किटवर मेलेलं एक झुरळ अख्खी शेगडी जाळू शकतं. रात्री ओटा पुसण्याचं हे एक ठोस कारण आहे.

राहिली कढई. या घरातली लोखंडी कढई तोंडाला 28 सेंटिमीटर, पण बुडाशी सपाट भाग जेमतेम 11. सुट्या शेगड्यांमधली गुंडाळी साधारण 16 ते 18 सेंटिमीटर व्यासाची असते आणि बहुतेक शेगड्या किमान 12 सेंटिमीटरचं बूड मागतात. बूड लहान असलं की गुंडाळीच्या बाहेरच्या भागावर लोखंडच नसतं. मागितलेली आच द्यायला गुंडाळीत जास्त प्रवाह सोडावा लागतो आणि तीच जास्त तापते. खूप मोठ्या भांड्याचा त्रास वेगळा. 30 सेंटिमीटरच्या डोशाच्या तव्याची कड गुंडाळीच्या बाहेर राहते, घावन मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. मग आच वाढवली जाते आणि मधला तापमापक वीज तोडतो. बुडाला पोक आलेलं भांडंही असंच फसवतं, कारण ते काचेला नीट टेकतच नाही.

त्या दुपारी मेणकापड निघालं, शेगडी भिंतीपासून वीतभर पुढे आली, तेलाचा डबा हलला. लोखंडी कढईऐवजी 18 सेंटिमीटर सपाट बुडाची स्टीलची कढई आली. तेल तापेपर्यंत 1800 वॅट, आणि पहिला घाणा पडल्यावर 1200. उरलेले सहा घाणे एकदाही न थांबता निघाले. शेवटी सुनेने शेगडीवरचंच बटण दाबलं. पंखा आणखी मिनिटभर फिरत राहिला, आणि तो आपणहून थांबल्यावर तिने प्लग काढला.