चांगुलपणाचा धसका

छळाच्या नात्यातून बाहेर पडलेल्या अनेक व्यक्तींना दुसऱ्याच्या रागापेक्षा दुसऱ्याच्या चांगुलपणाची अधिक धास्ती वाटते, आणि समुपदेशकांच्या परिचयाची असलेली ही तक्रार घरच्यांना मात्र कृतघ्नपणासारखी भासते. कोणी आपुलकीने चौकशी केली, आजारपणात औषध आणून दिले किंवा नुसती बसायला जागा करून दिली, तरी मनात पहिला प्रश्न उमटतो तो याची किंमत काय आणि ती कधी वसूल होणार, हा. या संशयाला स्वभावदोष मानणे अन्यायाचे आहे, कारण शिकण्याच्या मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तो अनुभवातून शिकलेला आणि त्या काळापुरता अगदी अचूक असलेला धडा असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 मध्ये छळ सोसणाऱ्या स्त्रियांच्या कथनांवरून हिंसेच्या चक्राची मांडणी केली. त्यात आधी ताण साचत जातो, मग हिंसेचा स्फोट होतो, आणि त्यानंतर माफी, भेटवस्तू, गोड बोलणे यांचा एक हळुवार काळ येतो, जो पुढे पुन्हा ताणाकडे सरकतो. सर्वच नात्यांत हे टप्पे असेच दिसत नाहीत आणि या मांडणीवर टीकाही झाली आहे. तथापि जेथे हे चक्र वर्षानुवर्षे फिरलेले असते, तेथे प्रेमळपणा हा संकटाच्या अलीकडचा मुक्काम ठरतो. एक गोष्ट घडली की तिच्यामागून दुसरी येते, हा संबंध मेंदू आपोआप जोडतो आणि या प्रक्रियेला अभिसंधान म्हणतात. घंटेच्या आवाजामागून वारंवार विजेचा धक्का बसलेल्या प्राण्याला नुसत्या आवाजाचीही भीती वाटू लागते. त्याच न्यायाने येथे मृदू स्वर हीच धोक्याची घंटा झालेली असते.

मग नाते संपले, माणसे बदलली, तरी हा धडा पुसला का जात नाही? याचे एक उत्तर रसेल फेझिओ, रिचर्ड आयझर आणि नॅटली शूक यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून मिळते. संगणकाच्या पडद्यावर निरनिराळ्या आकारांच्या आणि ठिपक्यांच्या काल्पनिक शेंगबिया एकेक करून दाखवल्या जात. काही ‘खाल्ल्या’ की दहा गुण वाढत, काही खाल्ल्या की दहा कमी होत, आणि न खाल्लेली बी चांगली होती की वाईट हे कळतच नसे. सहभागी व्यक्ती वाईट बिया नीट ओळखू लागल्या, परंतु अनेक चांगल्या बियांनाही त्या वाईटच समजत राहिल्या. कारण साधे होते: चांगली समजून खाल्लेली वाईट बी आपली चूक स्वतःच दाखवून देते, तर वाईट समजून टाळलेली चांगली बी ती चूक दाखवण्याची संधी कधीच देत नाही. संशयाने दूर ठेवलेल्या भल्या माणसाचेही हेच होते, आणि म्हणून ‘काळ हेच औषध’ हा सल्ला येथे अपुरा पडतो. टाळण्यात गेलेला काळ काही नवे शिकवत नाही.

नवे शिकायचे तर भाकीत आणि प्रत्यक्ष यांची गाठ घालून द्यावी लागते. मिशेल क्रास्के यांच्यासारख्या संशोधकांनी भीतीच्या उपचारात अपेक्षाभंगावर, म्हणजे जे घडणार अशी खात्री वाटत होती ते न घडण्यावर, भर दिला आहे. त्यासाठी भीती आधी नेमक्या शब्दांत मांडावी लागते, कारण ‘माणसे वाईट असतात’ हे विधान कोणत्याही प्रसंगाने खोटे ठरवता येत नाही.

ही पद्धत स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. सात वर्षांच्या छळानंतर विभक्त झालेली एक स्त्री कार्यालयात नोकरी करते आणि शेजारच्या टेबलावरच्या वयाने मोठ्या सहकारी बाई अधूनमधून तिच्यापुढे डबा सरकवून ‘थालीपीठ जास्त झालंय, घे ना गं’ असे म्हणतात. समुपदेशकाच्या मदतीने ती वहीत लिहिते, की डबा घेतला तर आठवड्याभरात बाई काहीतरी मागतील, आणि नाही म्हटले तर अबोला धरतील किंवा चारचौघांत बोलून दाखवतील. याची खात्री तिला शंभरपैकी ऐंशी वाटते. मुदत आणि खूण आधीच लिहून ठेवणे आवश्यक असते. नाहीतर काहीच घडले नाही तेव्हा मन ‘अजून वेळ आलेली नाही’ असे म्हणून मोकळे होते.

पहिल्या वेळी ती थालीपीठ घेते, आणि येथे एक बारीक अडचण उभी राहते. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये हा आपल्याकडचा लोभस रिवाज आहे, पण ती दुसऱ्याच दिवशी त्यात लाडू भरून देते ते रिवाजापेक्षा कर्ज फेडण्याच्या घाईने. अशा कृतीला सुरक्षावर्तन म्हणतात: संकट टाळण्यासाठी केलेली कृती, जिच्यामुळे संकट मुळात येणारच नव्हते हे कधी कळत नाही, कारण सारे श्रेय त्या कृतीला जाते. म्हणून पुढच्या खेपेला ती डबा धुऊन रिकामाच परत करते आणि आठवडाभर वाट पाहते.

खरी माहिती मात्र नकारातून मिळते. चांगुलपणाचे सोंग घेणाराही डबा देताना गोडच बोलतो, त्यामुळे देण्याच्या क्षणी खऱ्या आणि खोट्या चांगुलपणात फरक दिसत नाही. तो दिसतो ‘आज नको’ म्हटल्यावर. आपल्याकडे आग्रह हा आदरातिथ्याचा भाग असल्याने एकदोनदा ‘अगं घे की’ म्हणणे ही धोक्याची खूण मानता येत नाही. साधा आग्रह दुसऱ्या-तिसऱ्या नकाराला थांबतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मागमूस उरत नाही. दबाव मात्र उरतो, मग तो अबोल्यातून, ‘आमचं कुठे आवडणार’ अशा टोमण्यातून किंवा जुन्या उपकारांच्या उजळणीतून बाहेर येतो. उदाहरणातल्या बाई ‘बरं’ म्हणून डबा बंद करतात आणि दुसऱ्या सकाळी नेहमीप्रमाणे फाईल मागतात. वहीत ऐंशीच्या जागी साठ लिहिले जाते. आकडा शून्यावर यावा अशी अपेक्षाही नसते, कारण अशी निरीक्षणे अनेकदा आणि निरनिराळ्या माणसांबाबत व्हावी लागतात. एखाद्या वेळी भाकीत खरेही ठरते, कोणी खरोखरच अबोला धरते, आणि तेव्हा त्या व्यक्तीपासून अंतर राखणे हा त्या निरीक्षणाचा योग्य निष्कर्ष असतो.

पॅट्रिशिया रेसिक यांनी विकसित केलेल्या आघातोपचारात विश्वास हा स्वतंत्र विषय असतो आणि तेथे तो तुकड्यांत पाहायला शिकवले जाते: एखाद्या व्यक्तीवर कामाबाबत भरवसा ठेवता येतो, गुपिताबाबत नाही, किरकोळ उसनवारीबाबत ठेवता येतो, घराच्या किल्लीबाबत नाही. छळाच्या नात्यात सगळे किंवा काहीच नाही असाच व्यवहार असल्यामुळे ही विभागणी अनेकांना प्रथमच भेटते. अर्थात, छळ करणारी व्यक्ती अजून पाठलाग करीत असेल, धमक्या देत असेल, तर असे प्रयोग करण्याची ती वेळ नव्हे. तेव्हाची भीती खऱ्या धोक्याची असते आणि आधी सुरक्षिततेची तजवीज करावी लागते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्रासारख्या ठिकाणी समुपदेशनात हा क्रम पाळण्याला म्हणूनच महत्त्व आहे.

मार्क बाउटन यांच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. भीती ओसरते तेव्हा जुना धडा पुसला जात नसून त्याच्या शेजारी नवा धडा लिहिला जातो, आणि हा नवा धडा ज्या परिस्थितीत शिकला गेला तिला बऱ्याच प्रमाणात बांधलेला राहतो. त्यामुळे कार्यालयात थालीपीठ निर्धास्तपणे खाऊ लागलेल्या त्या स्त्रीला वर्षभराने, एका पावसाळी संध्याकाळी, त्याच बाईंनी ‘चल, गाडीने घरी सोडते’ म्हटल्यावर छातीत पूर्वीसारखीच धडधड होऊ शकते. बंद गाडी, अंधार आणि घराचा पत्ता ही नवी परिस्थिती असते, आणि तिच्यासाठीचा धडा अजून लिहिलेला नसतो. ती ‘आज नको, रिक्षाने जाईन’ असे सांगते, आणि दुसऱ्या दिवशी बाई कशा वागतात ते पाहते.