स्वस्त रुईचा महाग हिशेब

कच्च्या मालाचा खर्च ठरल्यापेक्षा दोन लाख रुपयांनी अधिक झाला, एवढे एकच वाक्य गिरणीच्या संचालक मंडळापुढे ठेवले, तर त्यावरून कोणास जाब विचारता येत नाही आणि कोणास तो देताही येत नाही. कारण खर्च हा भाव आणि परिमाण या दोहोंचा गुणाकार असल्यामुळे, गुणाकार वाढला एवढ्यावरून कोणता गुणक वाढला हे कळण्यास मार्ग नसतो. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत जी. चार्टर हॅरिसन यांनी प्रमाण परिव्ययाची जी पद्धत मांडली, तिचे मर्म हा गुणाकार पुन्हा उलगडून प्रत्येक गुणकाची तफावत निराळी दाखवण्यात आहे. ही उलगड वरवर अगदी सोपी दिसते. तिचा अर्थ लावणे मात्र तितके सोपे नाही, आणि ते पाहण्यास सूतगिरणीचे उदाहरण फार सोयीचे आहे, कारण सुताच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा रुईचाच असतो.

एक काल्पनिक गिरणी घेऊ. वर्षारंभी तिने असे प्रमाण ठरवले, की एक किलो सूत काढण्यास १.१५ किलो रुई लागावी आणि ती किलोला १६० रुपये, म्हणजे ३५६ किलोंच्या खंडीस ५६,९६० रुपये, या भावाने मिळावी. एका महिन्यात गिरणीने एक लाख किलो सूत काढले. तेव्हा प्रमाणाप्रमाणे १,१५,००० किलो रुई आणि १ कोटी ८४ लाख रुपये खर्च व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात रुई लागली १,२०,००० किलो, तिचा भाव पडला १५५ रुपये, आणि खर्च झाला १ कोटी ८६ लाख. भावाची तफावत काढताना प्रत्यक्ष वापरलेल्या रुईला भावातील पाच रुपयांच्या फरकाने गुणावयाचे: सहा लाख रुपये अनुकूल. वापराची तफावत काढताना जादा लागलेल्या ५,००० किलोंना प्रमाण भावाने गुणावयाचे: आठ लाख रुपये प्रतिकूल. दोहोंची वजाबाकी केली म्हणजे ते दोन लाख हाती येतात.

वापराची तफावत प्रमाण भावानेच का मोजावयाची, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की कातणी खात्याच्या प्रमुखाला बाजारभावाशी काही कर्तव्य नसते. त्याने किती किलो अधिक वापरली एवढ्याचाच तो जबाबदार, आणि बाजार चढला म्हणून त्याचा अपराध वाढू नये, उतरला म्हणून कमी होऊ नये. याहून अधिक घातक चूक निराळीच आहे. महिन्याची योजना १,१०,००० किलो सुताची असेल, तर त्या योजनेस १,२६,५०० किलो रुई धरलेली असते, आणि कारकुनाने प्रत्यक्ष वापर तिच्याशी ताडून पाहिला, तर ६,५०० किलोंची बचत झाल्याचे सुखद चित्र दिसते. वास्तविक सूतच कमी निघालेले असते. म्हणून प्रमाण वापर नेहमी प्रत्यक्ष उत्पादनावरून काढावा लागतो, योजलेल्या उत्पादनावरून नव्हे.

आता या दोन आकड्यांवरून सरळ निवाडा करावयाचा, तर खरेदी अधिकाऱ्याची पाठ थोपटावी आणि कातणी प्रमुखास खुलासा मागावा असेच कोणासही वाटेल, आणि पुष्कळ दप्तरांत तसेच घडते. परंतु पाच रुपयांनी स्वस्त मिळालेली रुई स्वस्त का मिळाली, हा प्रश्न आकडे विचारीत नाहीत. हंगामाच्या शेवटच्या वेचणीचा, किंवा शेत न मोडता पुढे राखलेल्या फरदडीचा कापूस जिनिंगमधून निघाला, तर त्याच्या रुईत पाने-बोंडांचा चुरा अधिक आणि अपक्व, आखूड तंतूही अधिक असतात. बाजार हे जाणतो म्हणूनच भाव उतरतो. गाठ फुटल्यावर ब्लोरूममध्ये आणि पुढे कार्डिंगवर हा कचरा झाडला जाताना यंत्राला केवळ पाने निवडता येत नाहीत. पानांबरोबर चांगले तंतूही खाली पडतात. त्यामुळे रुईत कचरा दोन टक्क्यांनी वाढला, तर सुताचा उतारा दोन टक्क्यांहून अधिक घटू शकतो.

जादा गेलेले ५,००० किलो कोठे गेले, हे वादविवादाने नव्हे, तर काट्यावर ठरते. प्रत्येक खात्याचा कचरा निरनिराळा तोलून ठेवण्याची शिस्त गिरणीत असली पाहिजे. ब्लोरूम व कार्डिंग यांखालची झाड वाढली असेल, तर दोष बहुधा रुईचा, क्वचित यंत्राच्या मांडणीचा. आणि हा संशय फेडण्यास पूर्वीच्या चांगल्या गाठी त्याच मांडणीवर चालवून पाहिले म्हणजे पुरते. रिंग फ्रेम आणि वाइंडिंग येथील सुताचा कचरा वाढला असेल, तर तंतूंचा आखूडपणा, खात्यातील हवेची आर्द्रता आणि कामगारांचा सराव या तिन्हींचा विचार करावा लागतो. आणि दिलेल्या रुईतून सूत व सर्व तोललेला कचरा वजा करूनही काही वजन कोठेच सापडत नसेल, तर ती अदृश्य घट होय. ती मुख्यतः ओलाव्याची असते. ओलसर रुई गोदामातून तोलून दिली आणि खात्याच्या उष्ण हवेत ती सुकली, म्हणजे गिरणीने पाण्याला रुईचा भाव दिला असा त्याचा अर्थ.

आपल्या गिरणीत असे धरू, की ५,००० पैकी ४,००० किलो वजन ब्लोरूम व कार्डिंगच्या झाडीत सापडले आणि १,००० किलो कोठेच सापडले नाही. तेव्हा वापराच्या तफावतीतील आठही लाख रुपये कातणी प्रमुखाच्या नावे लिहिलेले असले, तरी त्यांचे मूळ खरेदीतच आहे; सहा लाखांची अनुकूल तफावत आणि आठ लाखांची प्रतिकूल तफावत ही एकाच सौद्याची दोन तोंडे आहेत. सौदा करण्यापूर्वीच हे ताडून पाहता आले असते: प्रमाणाप्रमाणे किलोभर सुतास १८४ रुपयांची रुई लागते, १५५ रुपयांच्या रुईने तेवढ्यातच सूत काढावयाचे, तर तिचा वापर किलोमागे सुमारे १.१८७ किलोंच्या वर जाता कामा नये. येथे तो १.२० झाला. अर्थात झाडीलाही गिऱ्हाईक असते. जादा ४,००० किलोंचे किलोला सरासरी २५ रुपये आले, तर एक लाख रुपये परत मिळून खरा तोटा निम्म्यावर येतो. आणि ही जमा निराळ्या खात्यात पडून राहिली, तर तफावतीचा तक्ता सौदा होता त्याहून वाईट दाखवतो.

आणखी एक अडचण कालाची आहे. अनेक गिरण्या भावाची तफावत रुई गोदामात येताच काढतात आणि साठा प्रमाण भावानेच खाती धरतात. यामुळे खरेदी अधिकाऱ्याच्या कामाची बातमी लवकर कळते, हे मान्य केले पाहिजे. पण मार्चमध्ये घेतलेली रुई एप्रिल-मे महिन्यांत कातली जाते. म्हणजे अनुकूल तफावत एका वर्षाच्या हिशेबात जमा होते आणि तिची प्रतिकूल जोड दुसऱ्या वर्षाच्या, तोवर कदाचित दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या पुढ्यात येऊन पडते. ज्या गिरण्या प्रत्येक खरेदीच्या गाठींना लॉट क्रमांक देऊन तो क्रमांक थेट कार्डिंगच्या नोंदवहीपर्यंत चालवतात, त्यांनाच या दोन तफावती एका पानावर समोरासमोर मांडता येतात. आणि एकदा त्या तशा मांडल्या, की पुढच्या करारात कचरा व ओलावा यांची मर्यादा घालून तिच्यावरच्या प्रत्येक टक्क्यास भावात किती कपात मागावी, याचा आकडा त्याच पानावरून काढता येतो.